एका कमानीची अकरा लग्नं

माझ्या धाकट्या जावेला घरात आणि घराबाहेर सगळे टाचणी म्हणतात. हे नाव माझ्या दिरानं ठेवलं, लग्नाला दोन महिने व्हायच्या आत. तेव्हा ती शिंप्याच्या दुकानात शाळांचे गणवेश शिवायची आणि डाव्या खांद्याजवळ, गळपट्टीच्या कडेला, आठ-दहा टाचण्या रांगेनं टोचून ठेवायची. घरी आली तरी त्या काढायचं तिच्या लक्षात राहत नसे. एकदा माझ्या लेकीनं धावत जाऊन तिला मिठी मारली आणि रडत परत आली. तेव्हापासून टाचणीला मिठी मारायची तर उजव्या बाजूनं, असा आमच्या घरात नियमच आहे.

बाई अंगानं बारीक, बोलायला कमी. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्याच्या शिवणीकडे बघत राहते. मला आधी याचा राग यायचा. मग एकदा मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिनं माझ्या बाहीची उसवण भरून ठेवली आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. राग तिथंच संपला.

लग्नाच्या सजावटीचं काम तिनं ठरवून सुरू केलं नाही. शिंप्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा सजावटवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून तो बिचारा दिवसभर मशीन न चालवता बसून होता. टाचणी म्हणाली, मी बघते. दुकानात हस्तिदंती रंगाच्या कापडाचे तागे वर्षानुवर्षं पडून होते. कुठल्याशा शाळेनं ऐनवेळी गणवेशाचा रंग बदलला होता, त्यातले. त्याचे तिनं चाळीस पडदे केले. फाटक बनवणाऱ्या वेल्डरकडून पाइपची एक कमान करून घेतली, तीन तुकड्यांत सुटणारी. आणि त्या कमानीत दोऱ्याची रिकामी रिळं, रंगीत दोऱ्याचे चार-चार वेढे शिल्लक असलेली, सोडली शेकड्यानं. नवरा-नवरी बसली त्या रिळांच्या पडद्यापुढे. नवरीनं मान वर केली आणि म्हणाली, बाबा, ही सगळी तुम्ही संपवलेली रिळं आहेत. शिंपी उठून मागच्या खोलीत गेला. बराच वेळ आलाच नाही. नंतर त्यानं ते चाळीस पडदे टाचणीलाच देऊन टाकले.

त्या दिवसापासून तिचं काम तोंडोतोंडी वाढत गेलं. पद्धत एकच. लग्नघरी जायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं, तुमच्या घरात जास्तीचं काय आहे? लोक आधी गोंधळतात. मग कुणी माळ्यावरून कंदील काढतं, कुणी पुस्तकं. बस-कंडक्टरच्या मुलाच्या लग्नात जुन्या तिकिटांच्या माळा होत्या. पोस्टमनच्या मुलीच्या लग्नात प्रत्येक पाहुण्याच्या नावाचं पाकीट दोरीला टांगलेलं होतं. आपलं पाकीट शोधायचं, आत टेबलाचा नंबर असायचा. पाहुणे आधी शोधण्यात दंग, मग एकमेकांशी बोलण्यात. ताजी फुलं ती फक्त जोडप्याच्या आसपास लावते, जिथं नाक आणि कॅमेरा पोचतो तिथं. वर, लांब, पानं आणि कागद. प्रकाशाचं काम दिराचं. तो वायरमन. दिवा पडद्याच्या पुढून मारायचा नाही, मागून आणि खालून द्यायचा, म्हणजे पांढरट कापडही हवं त्या रंगाचं होतं, हे त्यानं तिला शिकवलं आणि अजून रोज त्याची आठवण करून देतो.

तिचा स्वतःचा नियम मात्र एकच आहे. कापड कापायचं नाही. दुमडायचं, चुण्या घालायच्या, पीळ द्यायचा, टाचायचं. कात्री लागली की कापड एकाच लग्नाचं होऊन बसतं, असं ती म्हणते. तोच पडदा एका लग्नात खांब, दुसऱ्यात छत, तिसऱ्यात माणसाएवढं फूल.

अशी अकरा लग्नं झाली. मग ती नोटीस आली.

आमच्या भागात साध्या माणसाला परवडेल असा एकच हॉल आहे. आधी कुणीही आपला सजावटवाला घेऊन यायचं. एका पार्टीनं भिंतीत खिळे ठोकले, हातभर गिलावा खाली आला आणि नियम बदलले. जुने व्यवस्थापक तोवर निवृत्त झाले होते. नव्या बाईंनी दारावर कागद लावला, की पुढच्या हंगामापासून यादीतले तीनच सजावटवाले हॉलमध्ये काम करतील. ज्यांना यादीत यायचं त्यांनी परिचयासह पोर्टफोलिओ, म्हणजे कामाच्या फोटोंचा अल्बम, आणून द्यावा, शुक्रवारपर्यंत.

दिरानं कागद वाचून दाखवला आणि म्हणाला, "म्हणजे पडद्यांसाठी स्थळ बघायचं. फोटो आणि माहिती."

आम्ही हसलो, पण टाचणी हसली नाही. अकरापैकी सात लग्नं तिनं त्याच हॉलमध्ये सजवली होती. तो गेला तर उरतं काय? सजावटीचं सामान ठेवायला आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर भाड्यानं घेतलेली खोली सोडावी लागणार आणि पुन्हा गणवेश. शिंप्यानं तर सांगूनच ठेवलं होतं, तुझी मशीन तुझ्यासाठी आहे. भला माणूस. "गणवेश वाईट नाहीत, ताई," ती मला म्हणाली. "पण ते सगळे सारखे करायचे असतात."

मी शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं पत्रं लिहिली. त्यामुळे परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं. फोटो निवडायचं तिच्याकडे. मी दोन-तीन मोठ्या सजावटवाल्यांची पत्रकं समोर घेतली आणि त्यातले चांगले वाटले ते शब्द उचलले. आपल्या स्वप्नांना सोनेरी पंख. राजेशाही थाट. अविस्मरणीय क्षणांचे साक्षीदार. लिहून झालं तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. देवापुढे ठेवून हात जोडले आणि तिला दिलं. तिनं वाचलं, "छान आहे," म्हणाली आणि अल्बमच्या पहिल्या पानावर चिकटवलं. तिचे फोटो मी नीट बघितलेच नाहीत. ती आपल्या कामात चूक करत नाही, हे मी धरूनच चालले होते.

बुधवारी आम्ही दोघी हॉलवर गेलो. व्यवस्थापक बाई माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीला बांधलेला, टेबलावर अल्बमांची चळत. त्यांनी आमचा उघडला. पहिलं पान वाचलं. मग फोटो. एक पान, दुसरं, तिसरं. मग पुन्हा मागे. मी बसल्या जागेवरून वाकून पाहिलं. एकाही फोटोत अख्खं स्टेज नव्हतं. कुठं फुलांचा कोपरा, कुठं दिव्यांची रांग, कुठं पाकिटांची दोरी. सगळे फोटो चारी बाजूंनी कापलेले, उभ्या-आडव्या पट्ट्या. जन्मात कापड न कापणारी बाई, आणि फोटोंना तिनं बेधडक कात्री लावली होती.

बाई शांतपणे बोलल्या. त्यांचं म्हणणं असं, की या तुकड्यांवरून काम कुणाचं ते कळत नाही. लोक इकडून तिकडून फोटो गोळा करतात आणि ओळखू येऊ नयेत म्हणून असेच कापतात. मागच्याच आठवड्यात त्यांनी एकाला पकडलं होतं.

"आणि हा परिचय," त्या मला नव्हे, टाचणीला म्हणाल्या, "या चळतीत नऊ अल्बम आहेत. सहांमध्ये स्वप्नांना पंख आहेत. ते तुमचे कशावरून?"

टाचणीचा हात खांद्याकडे गेला आणि ती एकेक टाचणी उगाच चाचपत राहिली. मीच म्हटलं, की काम तिचंच आहे, सात लग्नं याच हॉलमधली आहेत. बाई म्हणाल्या, मग हॉल दिसू दे की फोटोत. शुक्रवारी पाचपर्यंत वेळ आहे.

आम्ही घरी आलो. सामानाच्या खोलीत शिरल्यावर मी विचारलं, फोटो का कापलेस? उत्तर देण्याऐवजी तिनं खोकं ओढलं आणि न कापलेल्या प्रती माझ्यापुढे फरशीवर मांडल्या, अकराच्या अकरा.

तेव्हा मला दिसलं. प्रत्येक फोटोत तीच कमान. तेच पडदे. आणि शेवटच्या पाच फोटोंत स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात खाली तीच मातीची कुंडी.

"कुंडी कशाला?" मी विचारलं.

"तिच्यामागे डाग आहे."

मग तिनं सांगितलं. पाचव्या लग्नात कुणाच्या तरी हातून एका पडद्यावर चहा सांडला. तीनदा धुतला तरी खालच्या कडेला पुसट राहिलाच. सहाव्या लग्नात नवऱ्याची आत्या स्टेजवर आली, वाकून बघितलं आणि भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं म्हणाली, हा डाग आमच्या ओळखीचा आहे, मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नात भेटला होता. सगळे हसले. नवरीही हसली, पण नंतर ती हळूच मागे वळून पडदा बघत होती, ते टाचणीला दिसलं. त्या दिवसापासून कुंडी.

"कुणाला आवडेल, ताई? आपलं लग्न दुसरीच्या पडद्यापुढे झालं, असं? मोठे सजावटवाले दर वेळी नवीन आणतात. माझ्याकडे आहे ते एवढंच. अख्खे फोटो लावले की पहिल्या दोन पानांतच कळतं."

मी त्या फोटोंकडे बघत बसले. खरं सांगायचं तर मला तिचं म्हणणं पटतही होतं. पण हॉलमधल्या सातही लग्नांना मी हजर होते, जेवूनसुद्धा आले होते, आणि ती कमान एकच आहे हे मला आज कळत होतं. एका फोटोत ती दार होती, एकात खिडकी, एकात झाडाची फांदी. पोस्टमनच्या फोटोत ती सुटी करून आडवी ठेवलेली होती, पाकिटांची दोरी तिलाच बांधलेली. मी तिला हे म्हटलं तर ती म्हणाली, तुमचं लक्ष जेवणाकडे असेल. तेही खोटं नव्हतं.

तेवढ्यात दीर आला. त्यानं उभ्यानंच अकरा फोटो पाहिले आणि खांदे उडवले. "यात लपवायचं काय आहे? मी वायरी दर वेळी नवीन आणतो का?"

"वायर कुणाला दिसत नाही," टाचणी म्हणाली.

"मग तुझी कमान कुठं कुणाला दिसली? या वहिनींना विचार. एवढ्या वेळा जेवून आल्या."

टाचणीच्या तोंडाची कड जराशी हलली. मला तेवढं पुरलं. मी कागद घेतला आणि म्हटलं, आता मी एक शब्द माझा घालणार नाही, तू सांग, मी लिहिते. ती नाही म्हणाली. मला सांगता येत नाही, म्हणाली. मी म्हटलं, मला नको सांगूस, शिंप्याची मुलगी समजून सांग. ती खाली बसली, एक पडदा मांडीवर ओढला आणि चुण्या घालता घालता बोलायला लागली. हात चालू असले की तिचं तोंड चालतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. कुंडीपाशी ती अडली. ते नको, म्हणाली. मी पेन खाली ठेवलं आणि वाट बघितली. मनात देवाला एवढंच म्हटलं, की हिला पटवायचं काम माझ्याच्यानं होणार नाही, तू बघ. पडद्याच्या सात-आठ चुण्या झाल्यावर ती म्हणाली, "लिहा. लिहून टाका. कुणीतरी कधीतरी कुंडी उचलणारच आहे."

ते पान असं झालं:

"मी आधी गणवेश शिवत असे. आता लग्नाची सजावट करते. माझ्याकडे एक कमान आणि चाळीस पडदे आहेत. पुढच्या अकरा फोटोंत तीच कमान आणि तेच पडदे आहेत. ते दर वेळी धुऊन, इस्त्री करून येतात. एका पडद्याला चहाचा डाग आहे, तो गेला नाही, म्हणून डावीकडे कुंडी असते. दर वेळी नवीन सामान घेतलं तर तुमचा बहुतेक खर्च सामानातच जाईल. मी तो वाचवते आणि तुमच्या घरातलीच एखादी गोष्ट घेऊन सजावट उभी करते. त्यासाठी आधी घरी येऊन बघावं लागतं. ताजी फुलं मी जोडप्याजवळच लावते. दीडशे पाहुण्यांपर्यंतचं लग्न मी आणि माझे पती, दोघं मिळून चार तासांत उभं करतो, दीड तासात उतरवतो. माझी कमान स्वतःच्या पायांवर उभी राहते. भिंतीला खिळा, चिकटपट्टी काही लागत नाही. मेणबत्त्या लावत नाही. फार मोठं लग्न असेल तर माझ्याकडून होणार नाही, ते मी आधीच सांगेन. फोटो त्या त्या कुटुंबांना विचारून लावले आहेत."

शेवटचं वाक्य खरं करायला गुरुवारचा अख्खा दिवस गेला. अकरा घरी जाऊन विचारलं. कंडक्टरच्या घरी त्या तिकिटांची माळ अजून खिडकीत होती. सगळ्यांनी हो म्हटलं, एकीनं तर स्वतःजवळचा जास्त चांगला फोटो काढून दिला. टाचणीनं प्रत्येक फोटोखाली लिहिलं, पाहुणे किती, घरातलं काय वापरलं, विकत काय आणावं लागलं.

शुक्रवारी चारला आम्ही पुन्हा हॉलवर. बाईंसमोर एक वडील आणि त्यांची मुलगी बसलेली. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर, हॉल ठरला होता, आणि वडील सजावटीच्या अल्बमांकडे बिल बघावं तसे बघत होते. बाईंनी आमचा अल्बम घेतला. पहिलं पान वाचायला लागल्या. मध्येच थांबल्या, चष्मा नीट केला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. टाचणी त्यांच्या टेबलावरच्या कापडाच्या शिवणीकडे बघत होती. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

मग बाई हसल्या. हसत हसत त्यांनी पानं उलटली. "ही इथलीच भिंत आहे," त्या म्हणाल्या. "घड्याळ दिसतंय आपलं." आणि अल्बम त्यांनी त्या मुलीकडे सरकवला. "हे वाच आधी. मग कमान शोध."

मुलगी वाचून शोधायला लागली. पहिल्या तीन फोटोंत तिला ती लगेच सापडली. चौथ्याला वेळ लागला. पोस्टमनच्या फोटोवर ती अडली, वडील पण वाकले, दोघांची डोकी एकत्र. वडिलांनीच बोट ठेवलं, ही बघ आडवी. नंतर दोघं एकदमच म्हणाले, कुंडी. आणि पुढच्या प्रत्येक पानावर आधी कुंडी.

मी टाचणीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा झाला होता. तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काकू, डाग किती मोठा आहे?"

टाचणीनं दोन बोटांनी दाखवला. लिंबाएवढा.

"मग मला कुंडी नको," मुलगी म्हणाली. "माझ्या लग्नात राहू दे तसाच. फोटो बघताना आम्ही शोधू."

वडील म्हणाले, आमच्या घरात जास्तीचं तसं काही नाही. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. बंद घड्याळं तेवढी पडली आहेत, चार खोकी. टाचणी इतका वेळ खाली बघत होती, तिनं मान वर केली. खोकी केवढी, असं विचारलं. तबकड्या निघतात का, असंही विचारलं. आणि तोंड उघडलं ते बंदच होईना. मधेच उजवा हात खांद्याकडे गेला, एक टाचणी निघाली आणि बाईंच्या टेबलावरच्या कापडाची उसवलेली कड तिनं बोलता बोलताच टाचून टाकली.

बाईंनी ते पाहिलं. समोरचा यादीचा कागद ओढला आणि तिसऱ्या ओळीत तिचं नाव लिहिलं. मग मला म्हणाल्या, "भिंतीला खिळा लागत नाही, हे बुधवारी सांगितलं असतं तर बुधवारीच लिहिलं असतं."

बाहेर आलो. दीर फाटकाशी उभा होता, आत यायचा धीर झाला नव्हता म्हणे. आमचे चेहरे बघून त्यानं मोठा श्वास सोडला. टाचणी पायरीवर बसली. दोन दिवस ती धड जेवली नव्हती, हे तिला आत्ता आठवलं. मला म्हणाली, "ताई, भूक लागली."

मी तिच्या शेजारी बसले आणि हात तिच्या पाठीवर ठेवला. उजव्या बाजूनं.